आधी पक्ष सांगा

रंगवाल्याच्या बायकोला दिसेनासं झालं ते काही एका दिवसात नव्हे. काचबिंदू चोरपावलांनी येतो. आधी कडेच्या गोष्टी उचलून नेतो: दाराची चौकट, ताटाचा काठ, शेजारून चालणारा माणूस. मधलं मात्र स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणूस गाफील राहतो. शाळेत भूमिती शिकवणाऱ्या या बाईही गाफील राहिल्या. फळ्यावरची आकृती लख्ख दिसत होती, मग काळजी कसली? कडेच्या बाकांवरची मुलं दिसेनाशी झाली तेव्हा त्यांना वाटलं, कार्टी दांड्या मारायला लागली. डॉक्टरकडे जाईपर्यंत पाणी डोक्यावरून गेलं होतं. थेंब, गोळ्या, शस्त्रक्रिया, सगळं झालं. जे गेलं ते परत येत नसतं, उरलेलं जपायचं असतं, एवढंच डॉक्टर सांगत राहिले, आणि उरलेलंही हळूहळू संपलं.

रंगवाल्याचं चौकात रंगाचं दुकान होतं. भिंतींचे, दारांचे, गजांचे रंग. चाळीस छटांमधून गिऱ्हाइकाच्या मनातली छटा ओळखून काढणं हा त्याचा हातखंडा. सगळं गाव त्याच्या बायकोला ‘बाई’ म्हणायचं आणि दुकानात बसला की तोही ‘बाई’च म्हणायचा. घरी मात्र ‘अगं’.

सुरुवातीला त्याने आपल्या परीने डोळे व्हायचा प्रयत्न केला. दुपारी दुकान बंद करून घरी आला की हातपाय धुताधुता सुरू व्हायचा. आभाळ कसं आलंय, शेजारणीने काय नेसलंय. एकदा म्हणाला, “समोरच्यांनी गच्चीच्या भिंतीला फिकट पिस्ता दिलाय आणि खाली शेंदरी. माझ्याकडून नेला नाही, बरं का. माझ्याकडे आले असते तर हे होऊ दिलं नसतं.”

बाई पलंगाच्या कडेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घडी अर्धवट थांबली.

“अहो, एक ऐकाल? मला हे नका सांगत जाऊ.”

“का गं?”

“ऐकलं की बघावंसं वाटतं.”

तेव्हापासून त्या घरात कुणी कशाचं वर्णन करेना. माणसं यायची, बोलायची, जायची. त्यांनी काय घातलं होतं, कोण वाळलं, कोण सुटलं, हे विचारलंही जाईना आणि सांगितलंही जाईना. परदेशी असलेली लेक व्हिडिओवर यायची, तेव्हा बाई फोन कानाला लावायच्या. फोन कानाला लावला की लेकीला आईचा नुसता कान दिसायचा. लेक एकदा हसली, मग रडली, मग साधाच फोन करायला लागली. तिला दिवस गेले होते. पोट किती दिसतं, हेही बाईंनी विचारलं नाही.

रंगवाल्याला वाटायचं, आपण दोघं एका खोलीत बसलोय खरे, पण मधे कुणीतरी गिलावा करून ठेवलाय. लग्नाला किती वर्षं झाली याचा हिशोब दोघांनीही सोडला होता, पण तिच्याशी बोलायची अशी भूक त्याला लग्नाआधीही लागली नव्हती.

एके दुपारी बाईंचा फोन वाजला. फोन आता रंगवालाच बघायचा. फोटो आला होता. पाठवणाऱ्या मुलीच्या नावाच्या जागी बाईंनीच पूर्वी लिहून ठेवलं होतं: शंका. दोन वर्षांपूर्वी वर्गात होती ती. हात वर करून “बाई, एक शंका” म्हटल्याशिवाय तिचा तास सुटायचा नाही, म्हणून ते नाव पडलं. शाळा सोडल्यावरही बाई मुलांची गणितं फोनवर सोडवून द्यायच्या. डोळे गेल्याचं त्यांनी मुलांना कळू दिलं नव्हतं. नुसतं कळवलं होतं की आता वेळ होत नाही. मुलं समजून गेली. शंका तेवढी समजून घेणाऱ्यांतली नव्हती.

“शंकेचा फोटो आलाय,” रंगवाला म्हणाला.

“तिला सांगा, बाईंना जमत नाही.”

तो सांगणार होता. पण फोटो समोर उघडाच होता, आणि जिभेला हाड नसतं. “त्रिकोण आहे,” तो म्हणाला. “निळ्या शाईने काढलाय. मधोमध एक रेघ आहे.”

बाईंची मान वळली. कित्येक महिन्यांत ती अशी वळली नव्हती.

“मधोमध म्हणजे?”

“म्हणजे मधे. वरून खाली.”

“वरच्या शिरोबिंदूला अक्षर कोणतं आहे?”

“ए.”

“रेघ तिथून निघते?”

“हो.”

“आणि जिथे पायाला टेकते तिथे?”

“डी.”

“पायाचे दोन तुकडे झाले. दोन्ही तुकड्यांवर बारीक आडव्या रेघा मारल्यात का? सारखेपणाची खूण असते.”

त्याने फोटो मोठा केला. “आहेत. एकेक.”

“मग मधोमध म्हणा. खूण नसती तर म्हणायचं नाही. शाईचा रंग सांगू नका, शाईने काही सिद्ध होत नाही.”

इथून ते सुरू झालं. त्या दिवशीचं गणित सोपं होतं, बाईंनी ते तोंडी सोडवलं आणि उत्तर बोलून पाठवलं. शंकेने लगेच दोन आकृत्या आणखी पाठवल्या. हत्तीला केळं दाखवावं तसं झालं.

रंगवाला भूमितीत कधीच बरा नव्हता. शाळेत त्याला पस्तीस गुण मिळाले होते आणि तेही शेजारच्या मुलाच्या कृपेने, असं तोच सांगायचा. पण बाईंना काही सोडवून नको होतं, नुसतं वाचून हवं होतं. आणि तेच तर अवघड निघालं. तो आकृतीकडे बघायचा आणि त्याला एकदम सगळंच दिसायचं. बाईंना ते क्रमाने हवं असायचं. आधी बिंदू, वरून सुरू करून डावीकडून फिरत. मग कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत रेघ आहे. मग आकडे. आकड्यांपाशी तर रोज भांडण.

“बारा लिहिलंय खाली.”

“कशाखाली? बी सी सबंध बारा, की बी डी बारा?”

“खाली मधेच लिहिलंय गं.”

“दोन्ही टोकांना बाण आहेत का? कुठून कुठपर्यंत गेलेत?”

“बी पासून… सी पर्यंत.”

“मग सबंध पाया बारा. अहो, तुम्ही गिऱ्हाइकाला एका खोलीच्या मापात दोन खोल्यांचा रंग द्याल का?”

“देणार नाही. पण गिऱ्हाईक मला एवढं उलटसुलट विचारत नाही.”

बाई हसल्या. हसताना त्यांच्या वरच्या ओठाची कड जराशी डावीकडे ओढली जायची. ते हसू त्याने इतक्या दिवसांनी पाहिलं की पुढचा कोन वाचायचा विसरला.

आकड्यांनंतर कोन: अंश कुठल्या कोपऱ्यात लिहिलेत आणि कुठल्या दोन रेघांच्या मधे. मग खुणा. समांतर रेघांवरचे बाण, सारख्या कोनांमधले छोटे कंस, काटकोनाची चौकट. आणि शेवटी आकृतीखालचं वाक्य, शब्दन्‌शब्द. हे सगळं मिळून झाला पक्ष, बाई सांगायच्या. काय दिलंय ते. काय काढायचं ते साध्य. पक्ष पुरा ऐकल्याशिवाय त्या एक पाऊल पुढे टाकत नसत.

“वर्गात मुलं काय करतात,” त्या सांगायच्या, “आकृती दिसली रे दिसली की धावत सुटतात. काटकोनासारखं दिसतं म्हणून काटकोन धरतात. आकृती मापात काढलेली असते असं कुणी सांगितलं? दिसतं ते सोडा. दिलंय ते धरा.”

पक्ष ऐकताना त्या डोळे मिटून घ्यायच्या, जणू उघडे असते तर दिसलंच असतं. बोट पलंगाच्या चादरीवर हलायचं. ए इथे, बी इथे, सी इथे. रंगवाला बोट बघायचा. आपण बोललेलं तिच्या आत जाऊन उमटतंय, हे त्याला चादरीवर दिसायचं. दुकानात बसला तरी मन घराकडे धावायचं. दुपार व्हायची वाट बघायचा. कधी फोटो आलाच नाही तर दोघंही हिरमुसून चहा प्यायची, आणि का हिरमुसलो ते कुणी बोलायचं नाही.

बाईंना आकृतीचं ऐकून बघावंसं वाटत नव्हतं का? वाटत असणार. पण आकृती आत बघता येते. गच्चीची भिंत येत नाही.

मग तो दिवस आला.

शंकेने पुस्तकातली आकृती वहीत हाताने उतरवून तिचा घाईत फोटो काढला होता. वही तिरकी, उजेड एका बाजूने, वरच्या कोपऱ्यावर तिच्याच हाताची सावली. रंगवाल्याने क्रमाने सुरुवात केली. वर ए, डावीकडे खाली बी, उजवीकडे सी. बी सीवर डी. ए पासून डी पर्यंत रेघ. ए बी दहा. बी डी सहा. ए सी सतरा. काढायचंय डी सी.

बाईंचं बोट थबकलं. चेहरा फुलत गेला.

“दहा आणि सहा,” त्या म्हणाल्या, “म्हणजे मधली रेघ आठ. आणि आठ-सतराची जोडी तर पंधराशीच. अहो, काय सुंदर बसलंय बघा. दोन काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून उभे. पंधरा. डी पाशी चौकट आहे ना?”

रंगवाल्याने बघितलं. ए डी अगदी सरळ खाली उतरली होती, ओळंबा सोडावा तशी. पण डी च्या कोपऱ्यात चौकट नव्हती. वर ए पाशी सावलीत काहीतरी शाईचे फरकाटे होते, ते काय होते ते कळत नव्हतं.

त्याने वर पाहिलं. बायको हसत होती. ते हसू, डावीकडे ओढलेलं. पूर्वी एखादं प्रमेय सुटलं की स्वयंपाकघरातून हाक मारून सांगायची, तो चेहरा. कोण जाणे पुन्हा कधी दिसला असता.

“हं,” तो म्हणाला. “आहे.”

बाईंनी उत्तर पाठवलं: पंधरा. कारणासकट, ऐटीत.

दोन दिवसांनी शंकेचा निरोप आला. लिहिलेला होता, रंगवाल्यालाच वाचून दाखवायचा होता. त्याने आधी मनात वाचला. टाळता आलं असतं. पण एकदा ‘आहे’ म्हणून झालं होतं, आता ‘निरोपच नाही’ म्हणायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती. त्याने वाचला.

“बाई, मी वर्गात पंधरा सांगितलं. सर म्हणाले चूक. मी म्हटलं माझ्या बाई चुकत नाहीत, आणि सगळ्यांसमोर वाद घातला. मग सरांनी पुस्तक दाखवलं. ए पाशी दोन्ही कोनांत सारखे कंस आहेत. ए डी कोनदुभाजक आहे. उत्तर दहा पूर्णांक दोन दशांश. मी वहीतही कंस काढले होते. बाई, रागावू नका, पण तुम्हाला काटकोन कुठे दिसला?”



“दुभाजक,” बाई हळू म्हणाल्या. “दहास सतरा, म्हणून सहास… हो. दहा पूर्णांक दोन. बरोबर आहे सरांचं.” मग थांबून, “चौकट होती?”

“नव्हती.”

“कंस होते?”

“सावली होती. काहीतरी होतं. मी सांगायला हवं होतं की काहीतरी आहे पण कळत नाही.”

“मग ‘आहे’ का म्हणालात?”

त्याने खरं ते सांगितलं. “तू हसत होतीस.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. उठल्या, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “मला तुमच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही हो. त्यातही खोटं घातलंत, तर मी उभी कुठे राहू?”

त्यानंतर फोटो आले तरी त्यांनी ऐकून घेतले नाहीत. “नको,” म्हणायच्या. चादरीवरचं बोट थांबलं. पुन्हा चहा, पुन्हा घड्या. रंगवाला दुकानातून लवकर यायचा आणि दारातच घुटमळायचा. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटायचं त्याला. तिची आठवण यायची, आणि ती समोरच बसलेली असायची.

एक दिवस दुकानात शंकाच आली. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती फळीला टेकून “काका, एक शंका होती” म्हणाली आणि ओळख पटली. पाठीला दप्तर, चष्मा नाकावर घसरलेला.

“बाई माझ्यावर रागावल्यात का? मी नको ते लिहिलं का?”

“नाही गं. त्यांना दिसत नाही.”

“काय दिसत नाही?”

“काहीच दिसत नाही. आकृत्या मी वाचून दाखवत होतो. काटकोन मी सांगितला.”

शंका म्हणाली, “म्हणजे बाई ते सगळं… नुसतं ऐकून?”

“नुसतं ऐकून.”

“मला वही समोर असून सुटत नाही.”

तिने चष्मा वर ढकलला, दप्तरातून पुस्तक काढलं आणि फळीवर उघडलं. “काका, ही वाचून दाखवा मला. मी डोळे मिटते. चुकलात की सांगेन.”

“डोळे मिटल्यावर चुकलेलं कसं कळेल तुला?”

“मी ही कालच काढलीये. पाठ आहे.”

रंगवाल्याने वाचलं. पहिल्यांदा एक रेघ राहिली. दुसऱ्यांदा खुणा सांगितल्या, पण कुठल्या तुकड्यावर ते सांगितलं नाही. मधे एक गिऱ्हाईक येऊन दाराचा तांबडा मागून गेलं, त्याला त्याने चुकून करडा दिला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “ए बी आणि सी डी समांतर दिसतात.”

“बाण आहेत?”

“नाहीत. वाक्यातही तसं म्हटलेलं नाही.”

“मग?”

“मग समांतर म्हणत नाही. दोन रेघा आहेत म्हणतो. आणि समांतरची खूण नाही, असंही म्हणतो.”

शंकेने डोळे उघडले. “हे आमच्या सरांनाही कुणी सांगायला हवं,” ती म्हणाली. जाताना त्याच्या फोनवर एक फोटो पाठवून गेली. नीट काढलेला, वही सरळ ठेवून, सावली पडू न देता. “बाईंना म्हणावं, मला खरंच अडलंय. उगाच नाही पाठवला.”

घरी बाई खिडकीशी बसल्या होत्या. खिडकीतून आता त्यांना वारा तेवढा मिळायचा. रंगवाला समोर स्टूल ओढून बसला आणि विचारल्याशिवाय बोलायला लागला.

“वर्तुळ आहे. केंद्रबिंदू ओ. वर्तुळाच्या बाहेर डावीकडे एक बिंदू, पी. वर्तुळावर दोन बिंदू: वर ए, खाली बी. पी ए रेघ आहे, पी बी रेघ आहे. ओ ए आहे, ओ बी आहे. ओ पी जोडलेली नाही. ए बी जोडलेली नाही. लांबी कुठलीच दिलेली नाही. एकच कोन दिलाय, पी पाशी, पी ए आणि पी बीच्या मधे, पन्नास अंश. ओ पाशी, ओ ए आणि ओ बीच्या मधे, प्रश्नचिन्ह आहे.”

बाई हलल्या नाहीत. पण त्यांनी ‘नको’ही म्हटलं नाही.

“ए पाशी चौकट?” त्यांनी विचारलं.

“नाही. बी पाशीही नाही. दोन्हीकडे काटकोन असावेत असं मला दिसतं, पण खूण नाही.”

“सावली?”

“सावली नाही. कागद स्वच्छ आहे.”

“आणि वाक्य?”

“पी ए आणि पी बी या वर्तुळाच्या स्पर्शिका आहेत. कोन ए ओ बी काढा.”

“स्पर्शिका म्हटलंय. मग चौकट नसली तरी चालेल. स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतली त्रिज्या यांच्यात काटकोनच असतो. तो दिलेला नाही, तो मी मिळवला.” बोट खिडकीच्या कट्ट्यावर हललं. “ओ, ए, पी, बी. चौकोन झाला. चारही कोन मिळून तीनशे साठ. दोन काटकोन गेले, पन्नास गेले. एकशे तीस.”

रंगवाल्याने एकशे तीस लिहून शंकेला पाठवलं.

“कुणी शिकवलं असं वाचायला?”

“शंकेने. दुकानात फळीवर. करडा रंग चुकीचा गेला एकाला.”

“परत येईल तो.”

“येऊ दे.”

लेक बाळंत झाली ती बातमी एका सकाळी आली. मुलगी झाली होती. थोड्या वेळाने फोटो आला. रंगवाला फोन हातात धरून उभा राहिला. ‘मला हे नका सांगत जाऊ’ हे शब्द त्याच्या कानात अजून ताजे होते. त्याने एकट्याने फोटो पाहिला, आणि नातीचं तोंड एकट्याने बघण्यात काही गोडी नाही हे त्याला उभ्याउभ्या कळलं.

“फोटो आलाय ना?” बाई म्हणाल्या. “मघापासून एका जागी उभे आहात.”

“आलाय.”

“सांगा.”

त्याला नीट ऐकू आलं की नाही, कळेना. “सांगू?”

“सांगा म्हटलं ना.”

“गोड आहे गं. इतकी गोड आहे.”

“ते उत्तर झालं,” बाई म्हणाल्या. “आधी पक्ष सांगा.”

तो त्यांच्याजवळ पलंगावर बसला. फोटो मोठा केला आणि वरून सुरू केलं.

“केस आहेत. दाट आहेत, कपाळावर उतरलेत. कपाळाला एक आडवी आठी, दोन भुवयांच्या मधे नाही, वर. डोळे मिटलेले. डोळ्यांचं काही सांगता येत नाही.”

“बरं.”

“डाव्या कुशीवर आहे. उजवाच कान दिसतो. कानाची वरची कड जराशी दुमडलेली. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत. मनगटाला दवाखान्याची पट्टी. डावा हात दुपट्यात आहे, दिसत नाही. तोंड थोडं उघडं. वरचा ओठ…” तो थांबला.

“वरचा ओठ काय?”

“डावीकडे ओढल्यासारखा वाटतो. तुझ्यासारखा.”

“माझ्यासारखा असं दिलंय कुठे?”

“नाही. मला दिसतंय.”

“मग ते साध्यात घ्या. जाऊन बघू, तेव्हा सिद्ध करा.” त्या हसायला लागल्या आणि हसताहसता डोळे भरून आले. ज्या डोळ्यांना दुसरं काही येत नव्हतं त्यांना एवढं येत होतं. बोट चादरीवर फिरत होतं: केस, कपाळ, कान, मूठ. मुठीपाशी ते पुन्हा पुन्हा येत होतं. “अंगठा आत?” त्यांनी विचारलं.

“आत. चार बोटांच्या खाली. नख दिसत नाही.”

“लेक माझी? ती नाही का फोटोत?”

“तिचा हात आहे एका कडेला. बांगडी नाही. बोटं सुजलेली आहेत जरा. बाळाच्या पाठीवर ठेवलाय.”

“पाठीवर,” बाई म्हणाल्या, आणि आपला हात चादरीवर तसाच सपाट ठेवून कितीतरी वेळ बसून राहिल्या. त्या चादरीखाली काही नव्हतं. रंगवाल्याने आपला हात त्यावर ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी ठेवला नाही.

मग त्याला धीर आला. इतके दिवस मनात होतं ते त्याने विचारून टाकलं.

“माझं सांगू का? मी आता कसा दिसतो ते?”

बाईंनी मान त्याच्याकडे वळवली. अंदाज अगदी बरोबर होता, चेहऱ्याला चेहरा समोर. त्याचे केस या काळात पिकून पांढरे झाले होते. मिशी त्याने काढून टाकली होती. गाल बसले होते. हे सगळं क्रमाने सांगायला तो तयार होता, एकही खूण न वगळता.

“नको,” त्या म्हणाल्या.

“का?”

“शेवटचे दिसलात ते दुकानाच्या दारात. अंगात तो बाह्या दुमडलेला सदरा, हाताला हिरवा रंग लागलेला, आणि मला बघून हात मागे लपवलात. तेवढं एकच माझ्याकडे स्वतःचं बघितलेलं उरलंय. बाकी सगळं तुम्ही सांगाल ते घेईन. यात काही घालू नका.”

तो ‘बरं’ म्हणाला. त्या बघत होत्या तो माणूस जवळ बसलेल्या माणसापेक्षा तरुण होता, आणि रंगवाल्याला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याने बोटांनी ओठांवरची मोकळी जागा चाचपली आणि हात खाली घेतला.

फोन पुन्हा वाजला. लेकीने दुसरा फोटो पाठवला होता.

“आता डोळे उघडलेत तिने,” तो म्हणाला.

“वरून सुरू करा,” बाई म्हणाल्या, आणि थोड्या त्याच्याकडे सरकल्या.